डॉक्टर येण्यापूर्वी

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसांच्या ओळखीचा एक रोगी असतो. त्याचं नाव, गाव, आजार यांपैकी काहीच कुणाला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की डॉक्टर येण्यापूर्वी तो मेला होता. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ वडिलांच्या वहीत तो असाच मेला होता, आमच्या गाइडमध्ये मेला होता आणि परवा शेजारच्या मुलाने आणलेल्या करकरीत व्याकरणाच्या पुस्तकातही त्याची प्रकृती सुधारलेली दिसली नाही. डॉक्टरही पिढ्यान्‌पिढ्या उशिराच येतात. या रोग्याच्या शेजारच्या वाक्यात एक प्रवासी राहतो. तो स्टेशनवर पोहोचण्यापूर्वी त्याची गाडी सुटलेली असते. या दोन दुर्दैवी जिवांच्या आधाराने आपण इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ शिकलो. नियम सुटसुटीत होता: भूतकाळात दोन क्रिया घडल्या असतील तर आधीच्या क्रियेला ‘हॅड’ लावायचा आणि नंतरची साधी ठेवायची. गणितासारखं. उत्तर बरोबर यायचं आणि एक मार्क मिळायचा.

हा मार्क जिथून विकत मिळतो ती जागा म्हणजे आमच्या शहरातला औरंगपुरा. एका बाजूला सरस्वती भुवनचं आवार, दुसरीकडे जिल्हा परिषद, जरा पुढे गुलमंडीची गर्दी, आणि मधे वह्या-पुस्तकांची दुकानं. जूनमध्ये इथे आईवडील हातात पुस्तकांच्या याद्या घेऊन असे उभे असतात की वाहनांनी आपापलं बघावं. इथल्याच एका बोळात माझ्या मित्राचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, बायोडेटा, प्रतिज्ञापत्रं, एम.ए.चे प्रबंध असं सगळं तिथे येतं. संध्याकाळी मी तिथे चहाला जातो आणि चहाच्या बदल्यात लोकांचं इंग्रजी तपासून देतो. त्यामुळे ‘हॅड’ हा शब्द औरंगपुऱ्यात किती वापरला जातो याची मला बरीच कल्पना आहे. मित्राच्या मते या शब्दासाठी कीबोर्डवर वेगळं बटण असायला हवं.

‘आय हॅड पास्ड बी.ए. इन २०१६.’ ‘आय हॅड अटेंडेड द इंटरव्ह्यू ऑन मंडे.’ ‘माय फादर हॅड रिटायर्ड लास्ट इयर.’ ही वाक्यं लिहिणाऱ्यांना नियम ठाऊक नसतो असं अजिबात नाही. विचारा, रोग्यासकट धडधडा म्हणून दाखवतील. मग हे जादा ‘हॅड’ येतात कुठून? मला वाटतं ते गाइडमधून येत नाहीत, घरून येतात. मराठीतून येतात.

‘मी काल पैठणला गेलो होतो’ असं आपण म्हणतो. त्यात दुसरी कुठलीही क्रिया नाही. तरी ‘होतो’ आहे, कारण त्या ‘होतो’त परत आल्याची बातमी आहे. ‘मामा आले’ म्हटलं की घरातला माणूस चहाचं आधण ठेवायला उठतो. ‘मामा आले होते’ म्हटलं की तो उठत नाही, कारण मामा येऊन गेलेले आहेत. येणं झालं, त्याचा परिणाम संपला, प्रकरण बंद. मराठीतला हा ‘होता’ नेहमीच ‘त्याच्याही आधी’ असं सांगत नाही. पुष्कळदा तो ‘झालं आणि मिटलं’ एवढंच सांगतो. हिंदीत आणि आमच्या शहराच्या दखनीतही ‘गया था’ची तीच चाल आहे, म्हणजे इथल्या माणसाला हे दोन्ही कानांतून पाजलं जातं.

त्यात आपली भीडही मिसळते. लग्नसराईत दारात कुणी उभं राहतं, हातात पिशवी, पिशवीत पत्रिका, आणि म्हणतं, ‘काकू, पत्रिका द्यायला आलो होतो.’ माणूस समोर उभा आहे, पत्रिका अजून पिशवीत आहे, पण क्रियापद पूर्ण भूतकाळात जाऊन बसलं आहे. ‘आलो आहे’ म्हटलं तर जरा अंगावर आल्यासारखं वाटतं. ‘आलो होतो’ म्हटलं की काकूंना नाही म्हणायला वाव राहतो. हेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेलं, ‘आय हॅड कम टु गिव्ह यू द इन्व्हिटेशन’, की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो: आला होतास, मग काय झालं? दार बंद होतं का?

कारण इंग्रजीतला ‘हॅड’ परतीची बातमी देत नाही आणि भीडही सहसा बाळगत नाही. त्याचं मुख्य काम एकच. हान्स रायखेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ते नेमकं मांडलं. त्याच्या मते काळ समजायला तीन ठिकाणं लागतात: आपण बोलतो ती वेळ, घटना घडली ती वेळ आणि आपण जिथे उभं राहून त्या घटनेकडे पाहतो ती वेळ. साध्या भूतकाळात घटना आणि पाहण्याची जागा एकच असते. ‘पैठणला गेलो’ म्हणताना आपण मनाने पैठणच्या रस्त्यावरच असतो. ‘हॅड’मध्ये मात्र आपण आधी भूतकाळातल्या एका ठिकाणी जाऊन उभे राहतो आणि तिथून आणखी मागे पाहतो. हे उभं राहायचं ठिकाण वाक्यात नाही तर निदान शेजारच्या वाक्यात तरी असावं लागतं. ते नसेल तर ‘हॅड’ अधांतरी लोंबकळतो.

यातून तपासणीची पहिली पायरी आपोआप मिळते. जिथे ‘हॅड’ दिसेल तिथे बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘कशाच्या आधी?’ ‘आय हॅड पास्ड बी.ए. इन २०१६.’ कशाच्या आधी? उत्तर नाही. ‘इन २०१६’ हे उत्तर होऊ शकत नाही, कारण ते कधी घडलं हे सांगतं, कशाच्या आधी घडलं ते सांगत नाही. ‘हॅड’ खोडा, ‘पास्ड’ ठेवा. पण हे लिहिणारी मुलगीच पुढे लिहिते, ‘बाय द टाइम आय जॉइंड द स्कूल, आय हॅड पास्ड बी.ए.’ कशाच्या आधी? शाळेत रुजू होण्याच्या. उत्तर मिळालं, ‘हॅड’ राहू द्या. औरंगपुऱ्यात येणाऱ्या कागदांवरचे बहुतेक ‘हॅड’ या एका प्रश्नात गळून पडतात. मित्राचा टोनर वाचतो, तो भाग वेगळा.

दोन क्रिया असलेल्या वाक्यात मामला अधिक मजेदार होतो, आणि इथे मला आपल्या त्या रोग्याकडे वळावं लागतं. वाक्य पुन्हा वाचा. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ आता त्यातला ‘हॅड’ काढा. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ काय बिघडलं? काहीच नाही. रोगी आधी मेला, डॉक्टर नंतर आले, हे ‘बिफोर’ एकट्याने सांगून टाकलं. ‘आफ्टर’चंही तसंच. आधी-नंतरचा हिशेब या शब्दांनीच चुकता केला की ‘हॅड’ ऐच्छिक होतो. ठेवलात तर चूक नाही, काढलात तरी चूक नाही, आणि रोजच्या इंग्रजीत तो बरेचदा काढलेलाच असतो. म्हणजे ‘हॅड’ शिकवण्यासाठी आपण वर्षानुवर्षं जे वाक्य मुलांपुढे ठेवलं, ते नेमकं ‘हॅड’ नसतानाही चालणारं वाक्य आहे. रोगी उगाच मेला असं म्हणवत नाही, पण निदान उदाहरण म्हणून त्याने मरायची गरज नव्हती.

गरज पडते ती ‘व्हेन’ आल्यावर. ‘व्हेन’ला आधी-नंतर कळत नाही. तो दोन घटनांना फक्त शेजारी बसवतो. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड.’ डॉक्टर आले आणि रोगी गेला. हे वाक्य छापलं तर नातेवाईक जमा होतील. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.’ डॉक्टर निर्दोष सुटले. सगळा खटला एका ‘हॅड’वर उभा आहे. परीक्षेत एक मार्क देऊन संपवण्याइतकी ही गोष्ट किरकोळ नाही.

आणि गंमत अशी की इथे आपली मराठी आपल्याला फसवत नाही, उलट हात धरून नेते. ‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली’ आणि ‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ यांतला फरक पाचवीतल्या मुलालाही न शिकवता कळतो. पहिल्यात तो फलाटावर धावतो आहे, शेवटचा डबा डोळ्यांसमोरून जातो आहे. दुसऱ्यात फलाट रिकामा आहे आणि हमाल त्याच्याकडे कनवाळूपणे बघतो आहे. इंग्रजीत हाच फरक ‘लेफ्ट’ आणि ‘हॅड लेफ्ट’ यांचा. ‘तेव्हा’च्या वाक्यात आपला ‘होता’ आणि त्यांचा ‘हॅड’ जवळजवळ एकाच मापाचे आहेत. म्हणून माझा तोडगा असा आहे: वाक्यात घटना एक असेल तर मराठी कानावर भरवसा ठेवू नका, घटना दोन असून मधे ‘व्हेन’ असेल तर खुशाल ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. एका घटनेला मराठीचा ‘होतो’ चिकटवतो आणि दोन घटना आल्या की कान बंद करून गाइड उघडतो.

तिसरा प्रकार साखळीचा. ‘भाजी घेऊन, वाचनालयात पुस्तक बदलून, चहा पिऊन घरी आलो.’ मराठीत क्रमाचं ओझं ‘-ऊन’ उचलतो, ‘होतो’ला कुणी बोलावतही नाही. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम करतो: ‘आय बॉट व्हेजिटेबल्स, चेंज्ड माय बुक, हॅड टी अँड केम होम.’ यात ‘हॅड’ आलाच तर चहाबरोबर आला आहे, त्याला भूतकाळाशी देणंघेणं नाही. पण नियम पाठ असलेला माणूस लिहितो, ‘आय हॅड बॉट व्हेजिटेबल्स अँड केम होम’, कारण भाजी आधी घेतली ना! आधी घेतली हे खरं, पण सांगितलीही आधीच. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगत असाल तर साधा भूतकाळ पुरतो. ‘हॅड’ लागतो तो क्रम मोडून मागे वळून पाहायचं असेल तेव्हा.

हे सगळं एका कागदावर पाहायचा योग मला एका विद्यार्थिनीमुळे आला. एम.ए. इतिहासाचा प्रबंध, विषय आमच्या शहराची नावं. मराठीत अभ्यास चोख होता. सुरुवातीचा सारांश इंग्रजीत हवा म्हणून तिने रात्र जागून लिहिला होता आणि सकाळी तो टायपिंगला आणला.

पहिलं वाक्य: ‘मलिक अंबर हॅड फाउंडेड खडकी इन १६१०.’ कशाच्या आधी? तिने विचार केला आणि म्हणाली, ‘सर, कशाच्याच नाही. तिथून तर सुरुवात आहे.’ ‘हॅड’ गेला.

दुसरं: ‘आफ्टर मलिक अंबर हॅड डाइड इन १६२६, हिज सन फतेह खान रिनेम्ड इट फतेहनगर.’ इथे ‘आफ्टर’ आहे. ‘हॅड’ राहिला तरी चालतो, गेला तरी चालतो. मी तो तिच्यावर सोपवला. तिने ठेवला, म्हणाली, ‘एवढा तरी असू द्या, माझ्या गाइडना बरं वाटेल.’

तिसऱ्या वाक्याने मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. ‘व्हेन औरंगजेब हॅड कम इन १६५३, मलिक अंबर डाइड.’ तिला म्हणायचं होतं, औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा मलिक अंबर केव्हाच वारला होता. म्हणजे ‘हॅड’ घालायचा हे तिला कळलं होतं, फक्त तो चुकीच्या घरात राहायला गेला. जसं लिहिलं तसं वाचलं तर औरंगजेब आधी आला आणि मग मलिक अंबर गेला. एका ‘हॅड’ने मलिक अंबरला सत्तावीस वर्षं जादा आयुष्य मिळालं आणि वर औरंगजेबावर संशय आला.

‘मराठीत सांग,’ मी म्हटलं. ‘औरंगजेब आला तेव्हा मलिक अंबर वारला होता,’ ती लगेच म्हणाली. ‘होता कुणापाशी आहे?’ ‘मलिक अंबरापाशी.’ ‘मग हॅड तिथेच ने.’ झालं वाक्य: ‘व्हेन औरंगजेब केम इन १६५३, मलिक अंबर हॅड बीन डेड फॉर ट्वेंटी-सेव्हन इयर्स.’ एवढ्या वर्षांचा काळ मोजायचा असला तर इंग्रजी माणूस ‘हॅड डाइड’ म्हणत नाही, ‘हॅड बीन डेड’ म्हणतो. मरण क्षणाचं असतं, मेलेलं असणं लांबत जातं.

चौथं वाक्य औरंगजेबाबद्दलच, पण साखळीचं होतं. ‘ही हॅड रिनेम्ड द सिटी अँड मेड इट हिज कॅपिटल.’ या दोन गोष्टी ती घडल्या तशाच सांगत होती, ‘हॅड’ काढला.

शेवटचं वाक्य १९४८ चं. ‘व्हेन द निजाम हॅड सरेंडर्ड ऑन १७ सप्टेंबर १९४८, इंडिया बिकेम इंडिपेंडंट थर्टीन मंथ्स अगो.’ पुन्हा ‘हॅड’चं घर चुकलं, आणि या खेपेला परिणाम असा की निजाम शरण आल्यावर भारत स्वतंत्र झाला. मराठवाड्यातल्या माणसाला भावनेच्या पातळीवर हे पटेलही, पण इतिहासाच्या पेपरात चालणार नाही. त्यात ‘अगो’ने घोटाळा वाढवला, कारण ‘अगो’ नेहमी आजपासून मागे मोजतो. १९४८ मध्ये उभं राहून मोजायचं असेल तर तो उपयोगी नाही. दुरुस्त वाक्य: ‘व्हेन द निजाम सरेंडर्ड ऑन १७ सप्टेंबर १९४८, इंडिया हॅड बीन इंडिपेंडंट फॉर थर्टीन मंथ्स.’ हे वाक्य मला फार आवडलं, व्याकरणाच्या पलीकडे जाऊन आवडलं. बाकीचा देश ज्या घटनेकडे सरळ पाहतो, तिच्याकडे आम्हाला एका दुसऱ्या तारखेवर उभं राहून मागे वळून पाहावं लागतं. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यदिनाला ‘हॅड’ खराखुरा लागतो.

नियम हातात आला असं वाटलं की भाषा एखादं वाक्य समोर ठेवतेच. विद्यार्थिनी निघता निघता थबकली आणि म्हणाली, ‘सर, मग हे? द बेल रँग बिफोर आय हॅड फिनिश्ड द पेपर.’ इथे घंटा आधी झाली, पेपर नंतर संपणार होता, नव्हे, संपलाच नाही. तरी ‘हॅड’ नंतरच्या क्रियेला! आधीच्या क्रियेला ‘हॅड’ हा शाळेतला नियम इथे सपशेल झोपतो. पण वाक्य बरोबर आहे. ‘बिफोर’च्या मागचा ‘हॅड’ कधीकधी क्रम सांगत नाही, काम पुरतं झालं नव्हतं हे सांगतो. मराठीत आपण ‘पेपर पुरा व्हायच्या आधीच घंटा झाली’ म्हणतो, आणि तो ‘पुरा’ आपल्याला जे देतो तेच हा ‘हॅड’ देतो. ‘बिफोर आय फिनिश्ड’ म्हटलं तरी चालतं, जरासा जोर कमी होतो इतकंच.

‘म्हणजे नियम चूक?’ तिने विचारलं. चूक नाही, अर्धा आहे. तो ‘आधी कोण?’ एवढंच विचारतो. विचारायचं असतं ते दोन गोष्टींबद्दल: आपण कुठे उभं राहून पाहतो आहोत, आणि आधी-नंतरची खबर दुसऱ्या कुणी दिली आहे का. ‘बिफोर’ने दिली, ‘आफ्टर’ने दिली, सांगण्याच्या क्रमाने दिली, तर ‘हॅड’ला बसू द्या. कुणीच दिली नाही तर मात्र तोच हवा.

तेवढ्यात मित्राने काचेपलीकडून डोकं बाहेर काढलं. त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न व्यवहारी होता. ‘हे सगळं ठीक आहे, पण पेपरात बिफोर आलं आणि कंसात क्रियापद दिलं, तर पोराने काय लिहायचं?’ मी म्हटलं, ‘हॅड.’ ‘पण तू तर म्हणालास तो लागतच नाही.’ ‘भाषेला लागत नाही,’ मी म्हटलं, ‘तपासणाऱ्याला लागतो.’